४०० मुलाखती, चार स्तर: कुठल्या स्तरातून किती खातेदार घ्यायचे?

शिवार_४१२

तालुक्यातल्या काही गावांत खातेदारांचा सर्व्हे करायचा आहे. खतं आणि औषधं मिळून एका खातेदाराचा वर्षाचा सरासरी खर्च किती, हा मुख्य प्रश्न. त्याच्या जोडीला पीकविमा उतरवला का, माती परीक्षण केलं का, असे हो-नाही स्वरूपाचे आठदहा प्रश्न आहेत. ८-अ च्या उताऱ्यांवरून यादी तयार केली आहे. एकूण १०,००० खातेदार. माणसं आणि पैसा यांच्या हिशेबात ४०० मुलाखती बसतात, त्यापेक्षा जास्त नाही.

धारणक्षेत्रावरून चार स्तर पाडले आहेत. छोटा पायलट केला, प्रत्येक स्तरात १० खातेदार. त्यातून आलेली सरासरी आणि एसडी देतो. हिशोब सोपा जावा म्हणून आकडे गोल केलेत, रक्कम हजार रुपयांत.

१ हेक्टरपर्यंत: ६,००० खातेदार, सरासरी १२, एसडी ८
१ ते २ हेक्टर: ३,००० खातेदार, सरासरी २८, एसडी १६
२ ते ४ हेक्टर: ८०० खातेदार, सरासरी ६५, एसडी ४०
४ हेक्टरच्या वर: २०० खातेदार, सरासरी १८०, एसडी १२०

आता अडचण अशी. संख्येच्या प्रमाणात वाटले तर २४०, १२०, ३२ आणि ८ येतात. मोठ्या खातेदारांत फक्त ८ जण? दुसरीकडे एका सहकाऱ्याचं म्हणणं, सरळ सगळीकडे शंभर-शंभर घ्या. कुणाचं ऐकावं?

---

नवा_गडी

प्रमाणातच घ्या. ६० टक्के लोक लहान खातेदार असतील तर नमुन्यातही ६० टक्के तेच हवेत, तरच नमुना प्रातिनिधिक म्हणता येईल. शंभर-शंभर घेतले तर मोठ्या शेतकऱ्यांचा आवाज नको इतका वाढतो. २ टक्के लोकांना २५ टक्के जागा दिल्यावर सरासरी फुगणारच.

---

आकडेमोड

@नवा_गडी, सरासरी फुगते हे खरं, पण वेट न लावता काढली तरच. प्रत्येक स्तराची सरासरी वेगळी काढून तिला त्या स्तराच्या खऱ्या वाट्याने गुणलं, म्हणजे ०.६०, ०.३०, ०.०८ आणि ०.०२ ने, तर शंभर-शंभर घ्या किंवा आणखी कसेही घ्या, उत्तर कुठल्याच बाजूला झुकत नाही. बदलतं ते एवढंच की ते उत्तर किती डळमळतं.

@शिवार_४१२, त्यामुळे तुमचा प्रश्न असा होतो: ४०० मुलाखती कुठे खर्च केल्या तर डळमळ सगळ्यांत कमी राहील?

पहिल्या स्तरातल्या माणसांचा खर्च एकमेकांच्या जवळपास आहे. तिथे १८० जणांना विचारा की २४० जणांना, सरासरीत फारसा फरक पडणार नाही. चौथ्या स्तरात एक जण ५० हजार खर्च करतो आणि दुसरा ४ लाख. तिथे ८ माणसांवर भिस्त ठेवली तर कोण आठ हाती लागले यावरच सगळं ठरेल. म्हणून वाटप करताना स्तरातली माणसं आणि स्तरातला विखुरलेपणा या दोन्हींचा गुणाकार धरायचा. हे नेमन वाटप, संख्याशास्त्रज्ञ नेमन यांच्या १९३४ च्या लेखामुळे त्याचं नाव पडलं. रशियन संख्याशास्त्रज्ञ चुप्रोव्ह यांनी ते आधीच, १९२३ मध्ये मांडलं होतं.

तुमच्या आकड्यांवर गुणाकार असे येतात: ४८,०००, ४८,०००, ३२,००० आणि २४,०००. बेरीज १,५२,०००. म्हणजे माणसं ६,००० असोत की ३,०००, पहिल्या दोन स्तरांचा हक्क अगदी सारखा. आणि २०० माणसांच्या शेवटच्या स्तराचा हक्क त्यांच्या निम्मा. R मध्ये हे असं:

```
N <- c(6000, 3000, 800, 200)
S <- c(8, 16, 40, 120)
round(400 * N*S / sum(N*S))
```

उत्तर १२६, १२६, ८४, ६३.

आता चार पर्यायांत ही डळमळ, म्हणजे सरासरी खर्चाचा स्टँडर्ड एरर, किती येतो ते बघा. स्तर न पाडता १०,००० मधून सरळ ४०० उचलले तर ₹१,७२७. स्तर पाडून प्रमाणात वाटले तर ₹१,१२९. शंभर-शंभर घेतले तर ₹७५३. नेमन वाटपाने ₹७२४. तुमच्या सहकाऱ्याचा सल्ला गणित न करताही नेमनच्या अगदी शेजारी येऊन बसला आहे. पण तो इथेच बसला, कारण तुमच्या चारही स्तरांचे गुणाकार एकमेकांपासून फार लांब नाहीत. दुसऱ्या सर्व्हेत शंभर-शंभर सपशेल फसू शकतात.

---

खडू_फळा

१२६ + १२६ + ८४ + ६३ = ३९९. एक माणूस कुठे गेला?

---

आकडेमोड

प्रत्येक आकडा वेगवेगळा राउंड केला की असं होतं. उरलेला एक कुठेही टाका, पहिल्या स्तरात १२७ करा. एका माणसाने स्टँडर्ड एरर हलत नाही. फक्त अहवालात जे आकडे छापाल त्यांची बेरीज ४०० यायला हवी आणि वेटही त्याच आकड्यांवरून काढलेले हवेत.

---

रानपाखरू

मलाही हेच हवं होतं. आमच्याकडे २० गावं आहेत, त्यातली ५ निवडली आणि त्या पाचांतून प्रत्येकी ४० घरं घेणार आहोत. म्हणजे ५ स्तर झाले ना? मग त्या ५ गावांवर नेमन लावू का?

---

बांधावरची

नाही ताई, हे स्तर नव्हेत, गट झाले. स्तर म्हटलं की सगळ्या स्तरांतून कुणीतरी आलंच पाहिजे, एकही सोडता येत नाही. तुम्ही १५ गावं आधीच बाहेर ठेवलीत. त्या पंधरांबद्दल बोलायचा आधार फक्त पाच गावांतून मिळणार, आणि गावागावांत फरक मोठा असेल तर एका गावात ४० ऐवजी ८० घरं करूनही ती भर निघत नाही. ५ ऐवजी १० गावं घेऊन प्रत्येकी २० घरं केलीत तर तेवढ्याच मुलाखतींत जास्त हाती लागेल. गावांचेच स्तर पाडा, उदाहरणार्थ कालव्याखालची आणि कोरडवाहू, आणि प्रत्येक स्तरातून निदान दोन गावं घ्या. त्यासाठी वेगळा धागा काढलात तर बरं, इथे दोन्हींची सरमिसळ होईल.

---

रानपाखरू

अच्छा. काढते वेगळा धागा. धन्यवाद.

---

बांधावरची

आता मूळ प्रश्नाकडे. आकडेमोड यांचा हिशोब बरोबर आहे, पण तो फक्त खर्चाच्या सरासरीसाठी आहे. शिवार, तुमच्या प्रश्नावलीत पीकविमा आणि माती परीक्षणही आहे. हो-नाही प्रश्नांत विखुरलेपणा असा स्तरागणिक पंधरा पटीने बदलत नाही. विमा ३० टक्के लोकांनी काढला तर एसडी ०.४६, ५० टक्क्यांनी काढला तर ०.५०, ७० टक्क्यांनी काढला तर पुन्हा ०.४६. म्हणजे सगळे स्तर जवळपास सारखेच, आणि तिथे नेमन वाटप आपोआप प्रमाणातल्या वाटपावर येऊन थांबतं. एकाच प्रश्नावलीतले दोन प्रश्न नमुना दोन दिशांना ओढतात.

चारही स्तरांत विमेदार ५० टक्के आहेत असं धरून बघा, खर्चाच्या हिशोबात घेतलेली मर्यादित यादीची सूट इथे न धरता. प्रमाणात वाटलं तर विम्याच्या टक्केवारीचा स्टँडर्ड एरर २.५ टक्के-बिंदू येतो. नेमन वाटपाने ३.०. शंभर-शंभर घेतले तर ३.४. शेवटच्या पर्यायात तुम्ही ४०० मुलाखती करता, पण या प्रश्नापुरती किंमत सुमारे २१९ मुलाखतींचीच उरते. सहकाऱ्याचा सल्ला खर्चासाठी चांगला होता, तोच इथे महागात पडतो.

---

नवा_गडी

म्हणजे मी म्हणत होतो ते अगदीच चुकीचं नव्हतं :)

---

बांधावरची

टक्केवारीच्या प्रश्नांसाठी बरोबरच होतं. फक्त त्यामागचं कारण प्रातिनिधिकपणा नव्हे.

---

शिवार_४१२

मग आता मधलं काय करायचं? दोन सर्व्हे तर करता येणार नाहीत.

---

आकडेमोड

मधलं घ्यायचं, आणि ते वाटतं त्यापेक्षा स्वस्तात मिळतं. नेमन वाटपाच्या आसपासचा भाग सपाट असतो. त्या नेमक्या बिंदूपासून बरंच सरकलं तरी स्टँडर्ड एरर थोडाच वाढतो. तेव्हा नेमनचे १२७, १२६, ८४, ६३ आणि प्रमाणातले २४०, १२०, ३२, ८ यांच्या मधोमध काहीतरी निवडा. मी १८०, १२०, ६०, ४० धरून बघितलं.

```
W <- N / sum(N)
se <- function(n) sqrt(sum(W^2 * S^2 / n * (1 - n/N)))
se(c(180, 120, 60, 40))
```

उत्तर ०.७६३, म्हणजे ₹७६३. नेमनपेक्षा फक्त ₹३९ जास्त. विम्याच्या टक्केवारीसाठी स्टँडर्ड एरर २.७ टक्के-बिंदू, म्हणजे प्रमाणातल्या वाटपापेक्षा ०.२ ने जास्त. या प्रश्नापुरत्या ४०० मुलाखती सुमारे ३४९ इतक्या भरतात. खर्चाच्या बाजूने ५ टक्के सोडले आणि टक्केवारीच्या बाजूने गमावलेलं बरंचसं परत मिळवलं. मला हेच वाटप पटतं.

वरची ओळ तुमच्याकडेही चालवा आणि आकडे इकडेतिकडे करून बघा. १७०, १२०, ६५, ४५ घ्या, नाहीतर १९०, ११५, ५५, ४० घ्या. दहाबारा वाटपं तपासली की सपाटपणा डोळ्यांना दिसतो, आणि मग १८० की १८३ यावर कुणी वाद घालत बसत नाही.

---

बांधावरची

+१. फक्त एक जोड. अहवालात मोठ्या खातेदारांची सरासरी वेगळी छापणार असाल तर त्या स्तराकडे स्वतंत्रपणे बघा. ८ माणसांवर तिचा स्टँडर्ड एरर जवळपास ₹४२ हजार येतो, आणि सरासरी १ लाख ८० हजार. म्हणजे खरी सरासरी एक लाखापासून अडीच लाखाच्या वरपर्यंत कुठेही असू शकते. असा आकडा छापण्यात अर्थ नाही. ४० माणसांवर तो ₹१७ हजारांवर येतो. हेही फार बारीक नाही, पण लहान आणि मोठ्या खातेदारांची तुलना करण्याइतकं आहे. स्तरास्तरांची तुलना हाच मुख्य हेतू असता तर मी शंभर-शंभरच्या बाजूने उभी राहिले असते.

---

दख्खनी_वारा

सगळे हिशोब एसडीवर उभे आहेत आणि एसडी दहा-दहा माणसांच्या पायलटमधून आली आहे. माणसं १० असली तर खरी एसडी दिसते त्याच्या ०.७ पट ते १.८ पट कुठेही असू शकते, आणि हे खर्च नीट घंटेच्या आकारात पसरलेले असतील तर. शेतीखर्च तसा नसतो, एक द्राक्षबागवाला दहा जणांत आला की एसडी दुप्पट. चौथ्या स्तराचे १२० कदाचित ७० असतील, कदाचित २००. मग ₹३९ च्या फरकावर बोलून उपयोग काय?

---

आकडेमोड

आक्षेप योग्य आहे. त्यावर दोन उत्तरं.

एक, सपाटपणा इथेही कामाला येतो. एसडी चुकली तर वाटप चुकतं, पण अंदाज चुकीचा ठरत नाही, स्टँडर्ड एरर थोडा वाढतो इतकंच. आणि अंतिम स्टँडर्ड एरर पायलटच्या एसडीवरून नाही, प्रत्यक्ष ४०० मुलाखतींतल्या एसडीवरून काढायचा. आपल्या सातारा जिल्ह्यातले पां. वा. सुखात्मे लंडनला नेमन यांच्या हाताखाली काम करत होते. त्यांनी १९३५ मध्ये नेमका हाच प्रश्न घेतला होता, छोट्या पायलटमधून आलेल्या एसडीवर वाटप केलं तर फायदा टिकतो का. साधारणपणे टिकतो, असं निघालं.

दोन, पायलटवर भरवसा नसेल तर तो बाजूला ठेवा. शेतीखर्चात सरासरी वाढली की विखुरलेपणाही साधारण त्याच प्रमाणात वाढतो, आणि सरासरी क्षेत्राबरोबर वाढते. क्षेत्र तर तुमच्या यादीत आधीच आहे. मग स्तरातल्या एकूण क्षेत्राच्या प्रमाणात मुलाखती वाटा. @शिवार_४१२, प्रत्येक स्तराचं एकूण क्षेत्र किती ते सांगाल का?

---

शिवार_४१२

अंदाजे ३,०००, ४,२००, २,१६० आणि १,२०० हेक्टर. एकूण १०,५६०.

---

आकडेमोड

मग वाटप ११४, १५९, ८२, ४५. तुमच्याच एसडी धरून त्याचा स्टँडर्ड एरर ₹७३९ येतो. पायलट न करता, फक्त ८-अ वरून, नेमनपासून ₹१५ वर पोचलो. इतकं छान जुळेल याची प्रत्येक ठिकाणी खात्री देता येणार नाही, पण दोन वेगळ्या वाटांनी आलेली वाटपं इतकी जवळ आहेत हाच दख्खनी_वारा यांच्या शंकेवरचा दिलासा. चौथ्या स्तराला ४० ते ६५ च्या दरम्यान हवेत, हे दोन्ही वाटांनी येतंय.

आणखी एक. पुढे कधी पैसे वाढले आणि १,५०० मुलाखती ठरल्या तर नेमन चौथ्या स्तराला २३७ देईल, तिथे माणसंच २०० आहेत. तेव्हा २०० च्या २०० घ्यायचे आणि उरलेल्या १,३०० बाकीच्या तीन स्तरांत त्याच सूत्राने पुन्हा वाटायच्या. सॉफ्टवेअर हे स्वतःहून करेलच असं नाही.

---

काळी_जमीन

माझं थोडं वेगळं आहे, पण विचारतो. कॉलेजमध्ये ९० विद्यार्थ्यांचा सर्व्हे आहे. तीन शाखा, तीन वर्षं, मुलगे-मुली आणि वसतिगृह-घर असे स्तर पाडले तर ३६ होतात. प्रमाणात वाटल्यावर काही ठिकाणी १ येतो, काही ठिकाणी ०.४. राउंड करून शून्य टाकू का?

---

बांधावरची

शून्य टाकलंत तर ते विद्यार्थी सर्व्हेतून कायमचे बाहेर गेले. आणि १ ठेवलात तर त्या स्तरातला विखुरलेपणा मोजताच येत नाही, त्याला कमीत कमी दोन माणसं लागतात. ३६ स्तर ९० माणसांना झेपणारे नाहीत.

तुमच्या उत्तरावर सर्वांत जास्त परिणाम करणाऱ्या एकदोन गोष्टींचेच स्तर ठेवा. समजा शाखा आणि वसतिगृह-घर, म्हणजे ६. बाकीच्या गोष्टी यादीच्या क्रमात घाला: प्रत्येक स्तरातली यादी वर्षाप्रमाणे आणि त्यात मुलगे-मुली अशी लावा आणि ठरावीक अंतराने नावं उचला. मग सगळ्या वर्षांतले विद्यार्थी आपोआप प्रमाणात येतात, त्यांचे स्तर पाडायची गरज राहत नाही.

शिवार, तुमच्याकडे गावांसाठी हेच करा. पहिल्या स्तरातले ६,००० खातेदार गावाप्रमाणे लावा. ६,००० भागिले १८० म्हणजे अंतर ३३.३३. शून्य ते ३३.३३ मधला एक यादृच्छिक आकडा घ्या, समजा १७.४०. त्यात ३३.३३ मिळवत जा: १७.४०, ५०.७३, ८४.०७ असं. प्रत्येक आकडा वरच्या पूर्णांकाला न्यायचा, म्हणजे यादीतला १८ वा, ५१ वा, ८५ वा खातेदार. अंतर ३३ किंवा ३४ असं पूर्ण करू नका, नाहीतर शेवटच्या गावात नावं कमीजास्त होतात.

---

शिवार_४१२

हे फार उपयोगी आहे. १८०, १२०, ६०, ४० वर आलो आहे. आता वेट. पहिल्या स्तरात ६,००० भागिले १८०, म्हणजे ३३.३३. पुढे २५, १३.३३ आणि ५. बरोबर?

---

आकडेमोड

बरोबर. पडताळा असा: प्रत्येक मुलाखतीच्या ओळीत वेटचा रकाना भरून बेरीज करा, १०,००० आली पाहिजे. आणि वेट विसरून सरळ सरासरी काढली तर काय होतं तेही बघून ठेवा. पायलटच्या सरासरी धरल्या तर वेटसह ₹२४,४०० येते, वेट न लावता ₹४१,५५०. नवा_गडी यांनी फुगण्याची भीती सांगितली होती ती हीच. अहवालातला आकडा ४० हजारांच्या आसपास दिसला तर आधी वेट लागलेत का ते तपासा.

---

खातेउतारा

कागदावर सगळं नीट आहे, गावात गेल्यावर काय होईल ते सांगतो. ८-अ वर दिसतं ते खातं, शेतकरी नव्हे. एका माणसाचं या गावात पाऊण हेक्टरचं खातं असतं आणि शेजारच्या गावात बायकोच्या नावाने पाच हेक्टर. आजोबा वारले तरी वारसनोंद झालेली नसते, खातं त्यांच्याच नावावर. सामाईक खात्यात सहा नावं असतात आणि कसणारा एकच. तुमच्या पहिल्या स्तरात असे 'लहान' खातेदार निघणार ज्यांचा खर्च दीड लाख आहे.

---

नवा_गडी

मग असा माणूस सापडला की त्याला चौथ्या स्तरात हलवायचं आणि वेट ३३.३३ ऐवजी ५ लावायचं. तो मोठाच आहे ना.

---

आकडेमोड

हे मात्र करू नका. वेट ठरतं ते माणूस यादीतून कसा निवडला गेला यावरून. तो ६,००० मधून १८० निवडताना आला, त्याची निवडीची संधी तेवढीच होती. पहिल्या स्तराच्या यादीत असे आणखीही असणार, आणि न सापडलेल्यांच्या वतीने तोच उभा आहे. त्याचं वेट ५ केलं तर त्या सगळ्यांना तुम्ही हिशोबातून पुसून टाकता आणि सरासरी खरोखर खाली झुकते.

अहवालात 'मोठे शेतकरी' म्हणून तक्ता करताना त्याला तिथे दाखवा, त्याला हरकत नाही. वेट मात्र ३३.३३ च घेऊन तो तिथे जाईल.

त्याची किंमत मोजावी लागते हे मान्य. दीड लाख खर्चाचा एक माणूस ३३.३३ वेटसह एकटाच सरासरीत ₹५०० ची भर घालतो. असे तीनचार आले की पहिल्या स्तराची एसडी ८ राहत नाही आणि आधी काढलेला ₹७६३ मागे पडतो. हे ओळखायचं कसं? डेटा आल्यावर प्रत्येक ओळीचा वेट गुणिले खर्च काढा, मोठ्याकडून लहानाकडे लावा आणि वरच्या दहा ओळी बघा. त्यात पहिल्या स्तरातली माणसं दिसली तर यादीतली स्तरवारी गळकी आहे.

---

खातेउतारा

मग एकाच कुटुंबाची दोन खाती यादीत असतील तर? त्याला दोनदा संधी मिळाली.

---

बांधावरची

त्यासाठी आधी ठरवा की मोजायचं काय, खातं की कुटुंब. खातंच एकक असेल तर प्रश्न नाही, पण मग खर्चही त्या एका खात्यापुरताच विचारायचा, आणि शेतकरी तो तसा वेगळा सांगू शकत नाही. खत तो एकत्रच आणतो. म्हणून कुटुंब हे एकक घ्यावं असं माझं मत आहे, आणि 'या यादीतल्या गावांत कुटुंबाची एकूण किती खाती आहेत, कुठल्या गावात, किती क्षेत्राची' हा प्रश्न प्रश्नावलीत अगदी सुरुवातीला घालावा.

समजा कुटुंबाचं एक खातं पहिल्या स्तरात आहे आणि एक तिसऱ्यात. पहिल्यातली संधी १८० भागिले ६,०००, म्हणजे ०.०३. तिसऱ्यातली ६० भागिले ८००, म्हणजे ०.०७५. बेरीज ०.१०५. वेट तिचं उलटं, साधारण साडेनऊ. ते दोन्ही खात्यांवरून आलं तर दोनदा मोजायचं. आणि मग वेटची बेरीज १०,००० येणार नाही. ती एकूण कुटुंबांचा अंदाज देईल, १०,००० पेक्षा कमी. आकडेमोड यांनी सांगितलेला पडताळा तेव्हा लागू होत नाही, त्याने घाबरू नका.

---

दख्खनी_वारा

माझा मुख्य आक्षेप स्तर कशावर पाडले यावरच आहे. आपल्याकडे खताचा खर्च हेक्टरपेक्षा पाण्यावर ठरतो. एक हेक्टर उसाचा खर्च आणि चार हेक्टर कोरडवाहू ज्वारीचा खर्च शेजारी ठेवून बघा. क्षेत्रासोबत बागायत-जिरायत असा दुसरा निकष लावा, आठ स्तर होतील. पहिल्या स्तरात निम्मे बागायतदार असले आणि त्यांची सरासरी १८ हजार, जिरायतवाल्यांची ६ हजार असं धरलं, तर एसडी ८ वरून ५.३ वर येते. तुम्ही मुलाखतींचे आकडे फिरवून जे मिळवताय त्यापेक्षा हे मोठं आहे.

---

आकडेमोड

तत्त्वतः पूर्ण मान्य. अडचण माहितीची आहे. ८-अ वर पाणी दिसत नाही, त्यासाठी प्रत्येक खात्याच्या सातबाऱ्यावरची पीकपाहणी बघावी लागेल. १०,००० खात्यांची.

---

दख्खनी_वारा

२०२१ पासून ई-पीक पाहणी आहे. माहिती आता डिजिटल मिळते.

---

खातेउतारा

मिळते, पण शेतकऱ्याने स्वतः भरलेली. काहींनी भरलीच नाही, त्या खात्यांचं काय करणार? त्यांना जिरायतीत टाकाल?

---

दख्खनी_वारा

त्यांचा 'माहिती नाही' असा वेगळा स्तर करा. स्तर चुकीचा पडला तरी उत्तर झुकत नाही, फायदा कमी होतो एवढंच. वर सगळे तेच म्हणतायत.

---

बांधावरची

झुकत नाही हे बरोबर. पण बारा स्तर झाले की ४ हेक्टरवरचे ४० जण तीन ठिकाणी वाटले जातील, आणि 'माहिती नाही' मध्ये ऊसवाला आणि ज्वारीवाला शेजारी बसले की तिथली एसडी जुन्या स्तरापेक्षाही मोठी निघेल. मी पहिल्या दोन स्तरांतच पाण्याचा निकष लावेन, कारण ९,००० खातेदार तिथेच आहेत, आणि वरचे दोन जसेच्या तसे ठेवेन. शिवाय गावं कालव्याखालची आणि कोरडवाहू अशी लावून यादी केली तर यातला काही फायदा फुकटात मिळतो.

---

दख्खनी_वारा

गाव कालव्याखाली असलं तरी विहिरीवरचा बागायतदार कोरडवाहू गावातही असतो. मला अजून सहा-सात स्तर कमीच वाटतात.

---

शिवार_४१२

ई-पीक पाहणीची माहिती दोन गावांपुरती मागवतो. किती खाती रिकामी आहेत ते बघून पाण्याचा निकष घ्यायचा की नाही ते ठरवेन. तोपर्यंत चार स्तर, १८०, १२०, ६०, ४०, याद्या गावाप्रमाणे लावलेल्या. एक शेवटचं विचारतो: ४ हेक्टरवरचे बरेच जण गावात राहत नाहीत, शहरात असतात. ४० पैकी ३० च भेटले तर शेजारच्या मोठ्या शेतकऱ्याला घेऊन भरती करू का?

---

बांधावरची

शेजारचा नको. जो गावात सापडतो तो बहुधा स्वतः कसणारा असतो, आणि शहरात राहणाऱ्याची जमीन वाट्याने दिलेली असते. त्या दोघांचा खर्च सारखा नसतो. ५० नावं एकदमच काढा, यादृच्छिक क्रम लावा, पहिली ४० आधी द्या. पत्ता लागत नाही किंवा नकार आला असं तीनदा प्रयत्न करून नक्की झालं, की मगच ४१ वं नाव सोडायचं. उरलेली १० नावं मुलाखत घेणाऱ्यांच्या हातात आधी देऊ नका, नाहीतर अवघड नाव सोडून सोपं नाव घेतलं जातं. फोनवर मुलाखत चालत असेल तर शहरातल्यांसाठी ती सोय ठेवा.

चौथ्या स्तराचं वेट मग २०० भागिले प्रत्यक्ष झालेल्या मुलाखती, ३६ झाल्या तर ५.५६. पण जे भेटले नाहीत त्यांची कारणं प्रत्येक नावापुढे लिहून ठेवा: वारले, शहरात, नकार, जमीन विकली. 'जमीन विकली' वाले यादीत असायलाच नको होते, त्यांना २०० मध्ये धरून वेट काढू नका.